‘झालं’ म्हणजे नक्की काय झालं? मालकासाठी मराठीत आठवड्याचा स्प्रिंट-अहवाल

शनिवारी दुपारी व्हॉट्सॲपवर ‘ऑर्डरची स्क्रीन झाली’ एवढी ओळ येते. घाऊक किराणा व्यापारी ती वाचतो आणि तिन्ही सेल्समनना सांगून टाकतो, ‘सोमवारपासून वही बंद.’ सोमवारी पहिल्याच दुकानात सेल्समन ॲप उघडतो, तर तिथे स्क्रीनच नाही. खोटं कोणीच बोललेलं नसतं. जिराच्या बोर्डावर ते तिकीट खरोखर `Done` मध्ये होतं. कोड मर्ज झाला होता, टेस्टरने तपासलाही होता. नवी आवृत्ती मात्र कोणाच्या फोनवर गेली नव्हती.

मराठीतला साप्ताहिक अहवाल बहुतेक वेळा अशा ठिकाणी फसतो. इंग्रजी शब्द राहून गेल्याने तितकं नुकसान होत नाही, जितकं क्रियापद सैल पडल्याने होतं. म्हणून या लेखात जास्त जागा क्रियापदाला दिली आहे.

एकच उदाहरण धरून चालू. तालुक्याच्या गावातले घाऊक किराणा व्यापारी आहेत, टीम त्यांना शेठ म्हणते. तीन सेल्समन गावोगावच्या दुकानांतून ऑर्डरी आणतात आणि पेढीवर दिवाणजी टॅलीत बिलं करतात. शेठना ऑर्डर आणि उधारीचं ॲप हवं आहे. बनवणाऱ्या टीममध्ये दोन डेव्हलपर, एक टेस्टर आणि एक लीड आहे, स्प्रिंट दोन आठवड्यांचा. अहवाल लीडने लिहायचा. शेठ मराठी सहज वाचतात. इंग्रजीत त्यांना कंपन्यांची नावं, आकडे आणि बिलावरचे ठरावीक शब्द कळतात, त्यापलीकडे नाही.

आधी ‘स्प्रिंट’ला काय म्हणायचं ते ठरवा

‘स्प्रिंट’ हा शब्द शेठना शिकवायची गरज नाही. पण त्याच्या जागी ‘हप्ता’ चुकूनही लिहू नका. व्यापाऱ्याच्या डोक्यात हप्ता म्हणजे पैशाचा हप्ता, आणि ‘हा हप्ता पूर्ण’ असं वाचलं की तो पेमेंटचं काही असेल म्हणून दिवाणजींना हाक मारतो. ‘टप्पा’ हा शब्द चांगला आहे, पण करारात ‘पहिला टप्पा पूर्ण झाल्यावर इतके टक्के रक्कम’ असं लिहिलेलं असेल तर तोही टाळा, नाहीतर दर दोन आठवड्यांनी एक टप्पा पूर्ण झाल्याचं तुम्हीच लिहून देत आहात असा अर्थ निघेल. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटला मराठीत आयता शब्द आहे: पंधरवडा. तोच ठेवा.

बोर्डावरून कच्चा माल काढा

लिहायला बसण्याआधी आठवणीवर विसंबू नका. जिरात तीन शोध जतन करून ठेवा आणि दर शनिवारी तेच चालवा.

```
project = ORD AND status CHANGED TO "Done" AFTER startOfWeek()
project = ORD AND sprint in openSprints() AND statusCategory != Done
project = ORD AND Flagged is not EMPTY
```

पहिल्यातून या आठवड्यात संपलेली तिकिटं मिळतात, दुसऱ्यातून चालू स्प्रिंटमधली उरलेली आणि तिसऱ्यातून अडलेली. अडलेल्या तिकिटावर झेंडा लावायची सवय टीमला नसेल तर तिसरी यादी कायम रिकामी येईल आणि सगळं सुरळीत असल्यासारखं वाटेल. अशा वेळी शुक्रवारच्या बैठकीत प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: बाहेरच्या कोणाची वाट बघत थांबला आहात का?

स्प्रिंट सुरू झाल्यावर घुसलेली कामंही वेगळी काढा. जिराच्या `Sprint Report` मध्ये अशा तिकिटांपुढे तारका दिसते. शेठनी मंगळवारी फोनवर ‘एवढं एक करून टाका’ म्हणून सांगितलेलं काम बहुधा तिथेच सापडेल. त्याचा उपयोग पुढे होणार आहे.

उदाहरणातल्या पहिल्या आठवड्याअखेर हाती आलेली यादी अशी:

```
ORD-41  Retailer outstanding API         Done
ORD-44  Prevent duplicate order submit   Done
ORD-46  Tally voucher push retry         In Testing
ORD-47  Offline order queue              In Progress
ORD-49  SMS on invoice                   Blocked
ORD-52* Route-wise retailer list         Done
ORD-53* DB index cleanup                 Done
```

यादीतल्या प्रत्येक तिकिटाला एकच प्रश्न लावा: यामुळे पेढीवर किंवा फेरीवर कोणाचं काय बदलेल? ORD-44 चं उत्तर असं: सेल्समनने घाईत बटण दोनदा दाबलं तरी ऑर्डर एकच जाईल. अहवालात हेच वाक्य जायला हवं. ‘डुप्लिकेट सबमिशनचा बग सोडवला’ असं लिहू नका. ‘बग’ शेठना कळेलही, पण काय बिघडलं होतं ते कळणार नाही. ‘त्रुटी’ सरकारी कागदासारखा वाटतो, आणि ‘चूक’ लिहिलं की कोणाची चूक हा प्रश्न पाठोपाठ येतो. त्यापेक्षा काय घडत होतं ते सरळ सांगा.

ORD-53 ला या प्रश्नाचं उत्तर नाही. डेटाबेसमधली साफसफाई शेठना दिसणार नाही, म्हणून ती अहवालात नको. टीमने केलेलं काम दिसत नाही म्हणून डेव्हलपर कुरकुरतील. त्यांना सांगा की त्या साफसफाईने उधारीची यादी लवकर उघडायला लागली, तर ‘लवकर उघडते’ असं लिहू, आणि घड्याळ लावून बघितलं असेल तरच लिहू.

‘झालं’ची शिडी

बोर्डावरच्या प्रत्येक रकान्यासाठी एक ठरलेलं मराठी वाक्य करा आणि दर आठवड्याला शब्दही न बदलता तेच वापरा. शाळेच्या निबंधात तोच शब्द पुन्हा आला की खटकतो, पण इथे तोच यायला हवा.

- `In Progress`: काम चालू आहे.
- `In Testing`: बनवून झालंय, तपासणी चालू आहे.
- `Done`, पण फोनवर गेलेलं नाही: तपासून तयार आहे, तुमच्या फोनवर अजून आलेलं नाही.
- फोनवर गेलेलं: सुरू झालं, आजपासून वापरता येतं.

नियम एवढाच, की ‘सुरू झालं’ हे फक्त शेवटच्या पायरीला लिहायचं आणि नुसतं ‘झालं’ कुठेच लिहायचं नाही. तिसरी पायरी सगळ्यात फसवी असते. जिराच्या दृष्टीने तिथे काम संपलेलं असतं, शेठच्या दृष्टीने ते सुरूही झालेलं नसतं. उदाहरणात ORD-41 आणि ORD-44 गुरुवारच्या आवृत्तीतून फोनवर गेली आहेत, ORD-52 गेलेलं नाही. बोर्डावर तिघांपुढेही `Done` आहे. म्हणून अहवाल लिहिण्याआधी लीडने स्वतःच्या फोनवर ॲप उघडून ती गोष्ट एकदा करून बघावी. पाच मिनिटांचं काम आहे, पण सोमवारची फजिती त्याने वाचते.

टक्के लिहू नका. ‘टॅलीचं काम ८० टक्के झालं’ या वाक्यात ८० कशाचे ते लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि पुढच्या शनिवारी ८५ लिहावं लागलं की शेठना टीम झोपलेली वाटते. त्याऐवजी मोजता येईल ते मोजा: ठरलेली कामं किती, सुरू किती, तयार किती, अडलेली किती. स्टोरी पॉइंट तर शेठपुढे आणूच नका. व्यापारी माणूस कुठल्याही आकड्याला भाव लावून बघतो, आणि पॉइंटचा भाव निघत नाही.

‘होईल’ आणि ‘केलं जाईल’

शेठ ‘शुक्रवारी होईल’ हे वचन म्हणून वाचतात. टीमला म्हणायचा असतो अंदाज. हा घोळ मराठीपुरता नाही. स्क्रम गाइडमध्ये स्प्रिंटच्या कामाला आधी ‘कमिटमेंट’ म्हटलेलं होतं. २०११ च्या आवृत्तीत त्याच्या जागी ‘फोरकास्ट’ म्हणजे अंदाज हा शब्द आला. मराठीत हा फरक दोन वाक्यरचनांनी सांभाळता येतो. आपल्या हातात असलेल्या गोष्टीला ‘शुक्रवारी १६ तारखेला सुरू करतो’ असं लिहा. तपासणीत काही निघू शकेल अशा गोष्टीला ‘शुक्रवारी १६ तारखेला सुरू होईल असं दिसतंय’ असं लिहा. दोन्ही प्रकार एका अहवालात शेजारी शेजारी आले की दोन-तीन आठवड्यांत शेठना फरक आपोआप कळायला लागतो. अट अशी, की ‘करतो’ लिहिलेलं काम त्या तारखेला झालंच पाहिजे. ते दोनदा हुकलं तर पुढे कोणतंही क्रियापद लिहा, फरक पडत नाही.

तारखेला वार जोडा. ‘पुढच्या मंगळवारी’ म्हणजे येता मंगळवार की त्यानंतरचा, यावर घरात नवरा-बायकोचंही एकमत होत नाही. ‘मंगळवार २० जानेवारी’ लिहिलं की प्रश्न मिटतो.

दुसरा सापळा आहे ‘माहिती मिळाल्यावर पुढील काम सुरू केलं जाईल’ हे वाक्य. व्याकरणात यात काही चुकलेलं नाही आणि ऐकायला भारदस्तही वाटतं. पण माहिती कोणी द्यायची, काम कोण सुरू करणार, दोन्ही गायब आहेत. शेठ समजतात टीमला कुठून तरी माहिती येणार आहे. टीम समजते शेठना सांगून झालंय. दोन आठवडे असेच जातात. अशा वाक्यात कर्ता परत आणा: ‘दिवाणजींनी दरपत्रक बुधवार १४ पर्यंत दिलं, तर आम्ही गुरुवारी काम सुरू करतो.’ अहवाल पाठवण्याआधी त्यात ‘जाईल’, ‘जात आहे’, ‘येणार आहे’ हे शब्द शोधा आणि प्रत्येक ठिकाणी विचारा, कोण?

उशीर कसा लिहायचा

क्रम ठेवा: जुनी तारीख, नवी तारीख, कारण, आणि तोवर काय करायचं. जुनी तारीख गाळायचा मोह आवरा, कारण शेठच्या लक्षात ती असतेच. कारण म्हणून ‘तांत्रिक अडचण’ लिहिलं की काहीच न सांगितल्यासारखं होतं. खरं कारण दोन वाक्यांत सांगता येतं.

टॅलीचं उदाहरण घ्या. ॲपमधली ऑर्डर दिवाणजींच्या टॅलीप्राइममध्ये जायची तर पेढीवरचा कॉम्प्युटर चालू, टॅली उघडी आणि तिच्यात कंपनी लोड केलेली असावी लागते. ॲप टॅलीशी त्या कॉम्प्युटरच्या एका पोर्टवरून बोलतं, तो सहसा ९००० असतो. दिवाणजी रात्री आठला कॉम्प्युटर बंद करून जातात आणि सेल्समन नऊपर्यंत ऑर्डरी पाठवत राहतात, तेव्हा त्या ऑर्डरींना टॅलीत दार बंद मिळतं. ORD-46 याच्यासाठीच आहे. पोर्टचा उल्लेख अहवालात नको. तिथे एवढंच लिहा: ‘टॅलीचा कॉम्प्युटर बंद असला तर ऑर्डर थांबून राहील आणि सकाळी टॅली उघडली की आपोआप जाईल.’ इथे ‘जाईल’ चालतं, कारण जाणारी ऑर्डरच आहे.

मध्येच घुसलेल्या कामाची किंमतही इथेच दाखवायची, तक्रारीचा सूर न लावता. ‘तुम्ही मंगळवारी सांगितलेली गावनिहाय यादी तयार आहे. ती आधी घेतल्यामुळे नेटवर्क नसताना ऑर्डर घेण्याचं काम शुक्रवार १६ वरून मंगळवार २० ला गेलं.’ शेठना हा व्यवहार लगेच कळतो: एक माल आधी उचलला, दुसरा मागे राहिला. हे त्याच आठवड्यात लिहा. तीन आठवड्यांनी सांगितलं तर ती सबब ठरते.

निर्णय मागायचा तर हिशेब पुढे ठेवून

एका अहवालात एकच निर्णय मागा, फार तर दोन. ‘एसएमएसची भाषा कळवावी’ एवढ्यावर उत्तर येत नाही, आलं तर ‘मराठी’ येतं आणि खर्च नंतर कळतो. या प्रश्नामागे खरा हिशेब आहे, तो असा.

इंग्रजी अक्षरांतल्या एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात. देवनागरीत ७०. आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगवेगळं अक्षर म्हणून मोजलं जातं. ‘क्र’ दिसायला एक, मोजायला तीन. दुकानदाराला जाणारा हा मेसेज बघा:

बिल क्र. १४८२, रक्कम रु. ६,३५०. जुनी बाकी रु. १२,४००. एकूण रु. १८,७५०.

मोकळ्या जागा धरून ही बरोबर ७० अक्षरं होतात. शेवटी पेढीचं नाव घातलं की एका मेसेजचे दोन होतात आणि पैसेही दोनाचे लागतात. दोन तुकडे झाले की प्रत्येकात ६७ अक्षरंच बसतात, कारण उरलेली जागा तुकडे जोडण्याच्या खुणेला जाते. महिन्याला १,२०० बिलं धरली तर १,२०० च्या जागी २,४०० मेसेजचं बिल येईल. ‘एकूण’चा भाग काढला तर आधीच्या मोकळ्या जागेसह १७ अक्षरं सुटतात, आणि पेढीचं नाव आटोपशीर असेल तर ते तेवढ्यात बसतं.

हे आधी ठरवायचं कारणही शेठना सांगा. भारतात व्यवसायाचे एसएमएस पाठवण्यासाठी टेलिकॉम कंपन्यांच्या डीएलटी पोर्टलवर धंद्याची नोंदणी आणि मेसेजच्या मजकुराची मंजुरी लागते. नोंदणी शेठच्या धंद्याच्या नावाने होते, त्यांच्याच कागदपत्रांवर. मजकूर बदलला की मंजुरी पुन्हा घ्यावी लागते. ORD-49 यामुळेच अडलं आहे, आणि ते सोडवणं कोणत्याही डेव्हलपरच्या हातात नाही.

प्रत्येक निर्णयाखाली उत्तर आलं नाही तर काय करणार तेही लिहा. शेठ गावाला गेले तरी काम थांबायला नको.

सगळं एकत्र आल्यावर

पंधरवडा सोमवार ५ ते शनिवार १७ जानेवारी, अहवाल शनिवार १० चा. संक्रांत मध्ये येते, म्हणून फोनवर नवं काही टाकायचं ते १४ नंतर. गुळाच्या ऑर्डरींच्या गर्दीत सेल्समनच्या हातात नवी स्क्रीन देऊ नये. व्हॉट्सॲपवर दोन्ही बाजूंना तारका दिल्या की मजकूर ठळक होतो. तेवढंच वापरा, इमोजींची माळ नको.

> \*शनिवार १० जानेवारी: ॲपचं काम\*
>
> शेठ, तुमच्याकडून एक काम आणि एक निर्णय हवा आहे, दोन्ही शेवटी लिहिले आहेत.
>
> या पंधरवड्यात ५ कामं ठरली होती, मंगळवारी १ वाढलं. २ सुरू झाली, १ तयार आहे, १ ची तपासणी चालू आहे, १ चं काम चालू आहे, १ अडलं आहे.
>
> \*सुरू झालं, आजपासून वापरता येतं\*
> १. सेल्समनला दुकानात उभ्या उभ्या त्या दुकानाची जुनी बाकी दिसते.
> २. बटण दोनदा दाबलं तरी ऑर्डर एकच जाते.
>
> \*तपासून तयार आहे, तुमच्या फोनवर अजून आलेलं नाही\*
> ३. गावनिहाय दुकानांची यादी (तुम्ही मंगळवारी सांगितलेली). संक्रांतीची गर्दी संपल्यावर गुरुवारी १५ तारखेला फोनवर टाकतो.
>
> \*बनवून झालंय, तपासणी चालू आहे\*
> ४. ऑर्डर टॅलीत जाणं. कॉम्प्युटर बंद असला तर ऑर्डर थांबून राहील, सकाळी टॅली उघडली की आपोआप जाईल. शुक्रवारी १६ तारखेला सुरू होईल असं दिसतंय.
>
> \*काम चालू आहे\*
> ५. नेटवर्क नसताना ऑर्डर घेणं. आधी शुक्रवार १६ सांगितलं होतं, आता मंगळवार २० ला सुरू होईल असं दिसतंय. यादीचं काम आधी घेतल्यामुळे मागे गेलं. तोवर अशा गावात ऑर्डर वहीत घ्यावी.
>
> \*अडलं आहे\*
> ६. बिलाचा एसएमएस. नोंदणी तुमच्या नावाने व्हायची आहे.
>
> \*तुमच्याकडून\*
> काम: पॅन, जीएसटीचं प्रमाणपत्र आणि सहीचं पत्र मंगळवार १३ पर्यंत द्या. पत्राचा नमुना दिवाणजींना पाठवला आहे.
> निर्णय: एसएमएस (अ) पूर्ण मराठीत, एका बिलाला २ मेसेजचा खर्च, की (ब) मराठीत पण ‘एकूण’ न लिहिता, १ मेसेजचा खर्च? आमच्या मते (ब). मंगळवारपर्यंत कळवलं नाही तर (ब) धरून नोंदणी करतो.

मेसेज पाठवण्याआधी मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे बहुधा इंग्रजी वाक्य मराठी कपड्यात बसलेलं असतं. सोबत मिनिटभराचा आवाजी मेसेज पाठवला तर शेठ तो गाडीतही ऐकतील, पण तारखा आणि निर्णय लेखीच हवेत, कारण महिन्याने शोधायची वेळ येते तेव्हा आवाज शोधता येत नाही. जिराची एक्सेल मात्र अजिबात जोडू नका.

पोचलं की नाही, हे उत्तरावरून कळतं

नुसता अंगठा आला तर बहुधा वाचलेलं नाही. ‘म्हणजे झालं की नाही?’ असं विचारलं तर शिडीतली पायरी धूसर लिहिली गेली. ‘मग आम्ही काय करायचं?’ आलं तर कर्ता हरवला. शेठनी परस्पर सेल्समनला काही सांगितल्याचं कानावर आलं, आणि ते चुकीचं निघालं, तर ज्या ओळीवरून ते समजले ती ओळ शोधा आणि त्या प्रकारचं वाक्य कायमचं बदला. खात्री करायची असेल तर संध्याकाळच्या फोनवर सहज विचारा, ‘सोमवारी सेल्समनना काय सांगणार?’ ते बाकी आणि दोनदा दाबण्याचं बटण एवढंच बोलले तर अहवाल पोचला. गावनिहाय यादीचंही बोलले तर नाही पोचला, आणि ते सोमवारच्या आधी दुरुस्त करायला अजून रविवार हातात आहे.

पुढच्या शनिवारी लिहिताना कामांचे क्रमांक तेच ठेवा, आणि सुरुवात सहाव्या कामापासून करा: कागदपत्रं आली का, आली तर नोंदणी कुठवर गेली.